राजीनामा मंजूर झाल्याचा मेल आणि १७ मे ही तारीख

३ मार्च २०२५ ला, सोमवारी सकाळी, मी कंपनीच्या पोर्टलवर राजीनामा टाकला आणि त्याच वेळी मॅनेजरना आणि एचआरला मेलही केला. चाकणच्या पट्ट्यातली, गाड्यांचे सुटे भाग बनवणारी मध्यम आकाराची कंपनी. मी तिथे क्वालिटीमध्ये होते, १६ नोव्हेंबर २०१८ पासून. नवीन नोकरी पक्की झाली होती आणि तिथे १२ मेला रुजू व्हायचं ठरत होतं. म्हणून मी राजीनाम्यातच लिहिलं होतं की मला ९ मेला मोकळं करावं.

पुढचा आठवडा काहीच हललं नाही. सर दोन दिवस ग्राहकाच्या ऑडिटमध्ये, मग एक दिवस रजेवर. १० मार्चला संध्याकाळी त्यांनी पोर्टलवर मंजुरीचं बटण दाबलं आणि तासाभरात एचआरचा मेल आला. विषयात ‘रेझिग्नेशन ॲक्सेप्टन्स’. मला इतकं हायसं वाटलं की पहिल्यांदा मी तो मेल वाचलाच नाही म्हटलं तरी चालेल. ‘ॲक्सेप्टेड’ आणि ‘९ मे’ एवढंच डोळ्यांत भरलं. बसमध्ये बसल्यावर पुन्हा उघडला, तेव्हा बाकीचं दिसलं.

मेल इंग्रजीत होता. त्याचा अर्थ साधारण असा: आपला राजीनामा १० मार्चपासून मंजूर करण्यात येत आहे. आपला ९० दिवसांचा नोटीस पिरियड ७ जूनला संपतो. आपल्या विनंतीनुसार आपल्याला ९ मेला कार्यमुक्त करण्यात येईल आणि कमी पडणाऱ्या २९ दिवसांची वसुली ग्रॉस पगारावर करण्यात येईल. हँडओव्हर समाधानकारक झाल्यावर आणि सर्व विभागांचं नो ड्यूज, म्हणजे काही येणं बाकी नाही अशी सही, मिळाल्यावरच रिलीव्हिंग लेटर दिलं जाईल. ग्रॅच्युइटीसह सर्व देणी फुल अँड फायनलमध्ये, म्हणजे शेवटच्या एकत्रित हिशोबात, कार्यमुक्तीनंतर ४५ कामकाजाच्या दिवसांत दिली जातील. मेडिक्लेम शेवटच्या कामाच्या दिवशी बंद होईल. आणि शेवटी, ‘वरील अटी मान्य असल्याचे उत्तर द्यावे.’

माझा ग्रॉस पगार ७८,००० होता, म्हणजे दिवसाला २,६००. २९ दिवसांचे ७५,४००. जवळजवळ एक अख्खा पगार. मी बसमध्येच मोबाइलवर तीनदा गुणाकार करून पाहिला.

त्या रात्री मी ‘नोटेड, थँक यू’ असं उत्तर पाठवलं नाही, हे फार बरं झालं. आमच्याकडे सगळे तेच पाठवतात. मेलमधलं शेवटचं वाक्य साधं दिसतं, पण त्याला होकार गेला की आधीच्या सगळ्या ओळी दोघांनी मिळून ठरवल्यासारख्या होतात. मंजुरीचा मेल म्हणजे नुसती पोच नव्हे, नोकरी कशी संपली याची कंपनीने लिहिलेली नोंद आहे. पुढे अकाउंट्सवाले, पीएफवाले, स्टोअर्सवाले सगळे तीच नोंद समोर ठेवून काम करतात.

घरी आल्यावर अपॉइंटमेंट लेटर शोधलं. त्याच्या अकराव्या कलमात लिहिलं होतं: कर्मचाऱ्याने ९० दिवसांची लेखी नोटीस द्यावी किंवा कमी पडणाऱ्या दिवसांसाठी बेसिक वेतन भरावं. दोन गोष्टी तिथल्या तिथे दिसल्या. नोटीस ‘लेखी’ द्यायची होती आणि ती मी ३ मार्चलाच दिली होती. ती कोणी कधी मंजूर केली याचा नोटीस सुरू होण्याशी संबंध त्या कलमात कुठेच नव्हता. आणि वसुली बेसिकवर होती, ग्रॉसवर नाही.

भिंतीवरचं कॅलेंडर काढून दिवस मोजले. ३ मार्च पहिला दिवस धरला तर मार्चचे २९, एप्रिलचे ३० आणि मेचे ३१, बरोबर ९०. म्हणजे नोटीस ३१ मेला संपत होती, ७ जूनला नाही. सरांनी बटण दाबायला घेतलेले सात दिवस माझ्या खात्यावर टाकले होते. ९ मेला निघाले तर कमी पडणारे दिवस २२, आणि माझं बेसिक ३६,००० असल्यामुळे दिवसाला १,२०० प्रमाणे रक्कम २६,४००. ७५,४०० कुठे आणि २६,४०० कुठे!

दुसऱ्या दिवशी सकाळी एचआरच्या मॅडमना भेटायला गेले. त्या वाईट वागल्या असं मी म्हणणार नाही. त्यांच्यासमोर त्या महिन्यातले अकरा राजीनामे होते आणि मेलचा नमुना एकच होता.

“अगं, सिस्टीम मॅनेजरच्या अप्रूव्हलची तारीखच उचलते,” त्या म्हणाल्या. “आणि वसुली ग्रॉसवर हे २०२२ च्या पॉलिसीत आहे. सगळ्यांना तेच लागतं.”

“मॅडम, माझ्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये बेसिक आहे.”

“त्यात असंही आहे ना, की कंपनीच्या पॉलिसीत वेळोवेळी होणारे बदल लागू राहतील?”

ते होतं, हे खरं. सतराव्या कलमात होतं. मला तिथे बोलता आलं नाही. मी “मेल करते” एवढं म्हणून उठले.

जेवणाच्या सुट्टीत मी कंपनीने आजवर दिलेला प्रत्येक कागद उघडून बसले आणि एप्रिल २०२३ च्या पगारवाढीच्या पत्रात मला हवं ते सापडलं. नवा पगार लिहून झाल्यावर खाली एक ओळ होती: आपल्या नियुक्तीच्या अन्य सर्व अटी व शर्ती पूर्ववत राहतील. एप्रिल २०२४ च्या पत्रातही तीच ओळ. म्हणजे २०२२ ची पॉलिसी आल्यानंतर दोनदा कंपनीने मला सही-शिक्क्यानिशी कळवलं होतं की माझ्या जुन्या अटी आहेत तशाच आहेत. त्या पॉलिसीवर माझी सही कधीच घेतली नव्हती. पगारवाढीच्या पत्रात आपण आकडा बघतो आणि पत्र ठेवून देतो. ही ओळ बहुतेक कंपन्यांच्या पत्रांत असते आणि ती कर्मचाऱ्याच्या कामाची असते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मी मेल लिहिला. चार परिच्छेद होते, ते दोन केले. राजीनामा ३ मार्चला लेखी दिला आहे, सोबत मेलची प्रत. कलम ११ प्रमाणे नोटीस त्या दिवसापासून ३१ मेपर्यंत होते आणि कमी दिवसांची रक्कम बेसिकवर येते, सोबत अपॉइंटमेंट लेटर आणि पगारवाढीची दोन्ही पत्रं. कृपया सुधारित मेल द्यावा. त्याखाली एक वाक्य मुद्दाम घातलं, की सुधारित मेल येईपर्यंत १० मार्चच्या मेलमधली तारीख आणि वसुली मला मान्य आहे असं समजू नये. आवाज चढवणारं एकही वाक्य ठेवलं नाही. अजून दोन महिने त्याच माणसांबरोबर काम करायचं होतं आणि मला त्यांच्याबद्दल राग नव्हताही.

१३ तारखेला होळी, १४ ला धुळवड. कराडजवळच्या आमच्या गावी गेले. बाबा एका सहकारी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये क्लार्क होते. शेकडो लोकांच्या हजेऱ्या आणि निवृत्तीचे हिशोब त्यांच्या हातून गेलेले. पुरणपोळी झाल्यावर मी फुशारकीने त्यांना सगळा हिशोब सांगितला, ७५,४०० चे २६,४०० कसे होणार ते. त्यांनी मेल मोबाइलवर मोठा करून वाचला आणि मी न विचारलेलाच प्रश्न विचारला.

“तू लागलीस कधी?”

“१६ नोव्हेंबर २०१८.”

“आणि सुटणार ९ मेला?” त्यांनी बोटांवर मोजलं. “सहा वर्षं आणि सहा महिन्यांना सहा-सात दिवस कमी. अगं पोरी, तू वर्ष सोडून चाललीस की.”

मला कळेना. मग त्यांनी समजावलं. ग्रॅच्युइटीच्या तेव्हा लागू असलेल्या १९७२ च्या कायद्यात पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षासाठी १५ दिवसांचं वेतन मिळतं, आणि शेवटचं अपुरं वर्ष सहा महिन्यांहून जास्त भरलं तर ते पूर्ण वर्ष धरतात. भरलं नाही तर ते सोडून देतात. माझे साडेसहा वर्षं १५ मेला पूर्ण होत होते. ९ मेला सुटले तर सेवा सहा वर्षं. १५ मे ओलांडून एक दिवस जरी पुढे गेले तर सात वर्षं.

हिशोब असा होता. शेवटचं बेसिक आणि महागाई भत्ता (मला भत्ता नव्हता) गुणिले १५, भागिले २६. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरतात, म्हणून भागाकार तीसने नाही. ३६,००० चे ते २०,७६९ होतात. सहा वर्षांचे १,२४,६१५ आणि सात वर्षांचे १,४५,३८५. नोटीस पिरियडच्या वसुलीवरून मी दोन रात्री झोपले नव्हते, आणि साधारण तेवढीच रक्कम आठवडाभर लवकर निघून मी स्वतःच सोडून देणार होते. त्याचा मेलमध्ये उल्लेखही नव्हता, असायचं कारणही नव्हतं. ९ मे ही तारीख माझीच होती आणि कंपनीने ती मान्य केली होती.

“कारखान्यात लोक अर्ज घेऊन यायचे,” बाबा म्हणाले, “तेव्हा मी आधी लागल्याची तारीख बघायचो. मग सुटायची तारीख पुढे-मागे करायला सांगायचो.”

नव्या कंपनीला मी त्याच रात्री लिहिलं की १२ मेऐवजी १९ मेला, सोमवारी, रुजू झाले तर चालेल का. खरं कारणच लिहिलं. त्यांनी दोन दिवसांत होकार दिला. मग इकडे कळवलं की माझा शेवटचा दिवस ९ ऐवजी १७ मे, शनिवार, करावा. आमच्याकडे शनिवार कामाचा होता. १६ मेलाही सेवा साडेसहा वर्षं आणि एक दिवस झाली असती, पण एका दिवसावर वाद नको म्हणून दोन दिवस ठेवले. शिवाय त्यामुळे नोटीस कमी पडण्याचे दिवस २२ वरून १४ वर आले, म्हणजे १६,८००.

१७ मार्चला मॅडमनी बोलावलं. वरच्यांशी बोलणं झालं होतं. नोटीस सुरू होण्याची तारीख त्यांनी लगेच मान्य केली, म्हणाल्या, राजीनाम्याचा मेल आमच्याकडे आहेच. बेसिकचा मुद्दा दोन दिवस आणखी लागला. १९ मार्चला सुधारित मेल आला: नोटीस ३ मार्चपासून, शेवटचा दिवस १७ मे, कमी दिवस १४, वसुली बेसिकवर. मी उत्तरात विनंती केली की ‘हा मेल १० मार्चच्या मेलऐवजी ग्राह्य धरावा’ एवढं वाक्य त्यांच्याकडून लिहून यावं, आणि अकाउंट्सला त्याची प्रत जावी. वाक्य आलं. प्रत गेली नाही, हे पुढे कळलं.

आता हँडओव्हर. मेलमधला ‘समाधानकारक’ हा शब्द मला पैशांपेक्षा जास्त खुपत होता. समाधान कोणाचं, कशाने आणि कधीपर्यंत, हे कुठेच नव्हतं. आधी एक सहकारी निघाला होता, त्याचं रिलीव्हिंग लेटर केवळ ‘अजून एकदा समजावून दे’ म्हणत पाच आठवडे अडकलं होतं. म्हणून मी सरांना विचारलं, माझं काम कोण घेणार? ते म्हणाले, नवीन माणूस येईल, बघू. मी म्हटलं, “सर, तोवर मी यादी करते. तुम्ही एवढंच बघा, यात काही राहिलंय का.”

माझ्याकडे नऊ पार्ट होते. प्रत्येकाची पीपीएपी फाईल, म्हणजे ग्राहकाकडून पार्ट मंजूर करून घेतल्याची कागदपत्रं, कंट्रोल प्लॅन, तपासणीचे अहवाल, चालू असलेल्या दोन ग्राहक-तक्रारी आणि माझ्या नावावर असलेले गेज, म्हणजे पार्टची मापं तपासायची साधनं. एका शीटमध्ये प्रत्येक गोष्टीसमोर चार रकाने केले: कुठे ठेवलंय, कोणत्या टप्प्यावर आहे, कोणी घेतलं, कोणत्या तारखेला. ती यादी २२ मार्चला सरांना पाठवली आणि लिहिलं की हँडओव्हरमध्ये एवढं येतं असं धरून मी काम सुरू करते, काही वाढवायचं असल्यास ३१ मार्चपर्यंत सांगावं. त्यांचं उत्तर दोन शब्दांचं आलं, ‘ओके, प्रोसीड’. त्या दोन शब्दांमुळे ‘समाधानकारक’ला सीमा मिळाली. पुढे दर शनिवारी निघताना मी तीच शीट भरून पाठवत गेले. नवीन मुलगा २८ एप्रिलला आला, तेव्हा अर्ध्याहून जास्त गोष्टी शेजारच्या लाइनच्या इंजिनियरने सही करून घेतलेल्या होत्या. दोन तक्रारींपैकी एक मी तिथे असेपर्यंत बंद झालीच नाही. ग्राहकाकडून उत्तर यायचं होतं. ती ‘बंद’ असं न लिहिता जिथे होती तिथे लिहिली आणि त्या मुलाला ग्राहकाच्या माणसाशी फोनवर जोडून दिलं. हँडओव्हर म्हणजे काम संपवणं नव्हे, ते कुठवर आलंय हे दाखवणं, असं मी सरांना सांगितलं आणि त्यांना ते पटलं.

अडलं ते एका गेजवर. नो ड्यूजच्या फॉर्मवर सात सह्या लागायच्या: स्टोअर्स, गेज रूम, आयटी, अकाउंट्स, कॅन्टीन, सिक्युरिटी आणि शेवटी एचआर. १४ मेला गेज रूमच्या काकांनी रजिस्टर उघडलं आणि म्हणाले, “तुमच्या नावावर नऊ, ड्रॉवरमध्ये आठ.” नसलेला होता एम १२ चा थ्रेड प्लग गेज. छोटी लाल लाकडी पेटी, आत तेलकट कागदात गुंडाळलेला, दांड्यावर नंबर कोरलेला. वस्तू फार महाग नसते, पण हरवली तर नुसते पैसे कापून भागत नाही. तो गेज कुठे आहे याचा खुलासा ऑडिटमध्ये द्यावा लागतो, म्हणून सही थांबते.

मी फेब्रुवारीच्या शेवटी तो कॅलिब्रेशनला पाठवला होता, एवढं आठवत होतं. गेटवरच्या जावक रजिस्टरमध्ये चलन सापडलं. पण आवक? लॅबला फोन केला तर ते म्हणाले, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात परत दिलाय, पोच आहे. पोचेवर दुसऱ्या लाइनच्या सुपरवायझरची सही. त्यांच्या कपाटात खालच्या खणात, जुन्या हातमोज्यांच्या मागे, तीच लाल पेटी होती. झाकणावर मीच लावलेली कागदी चिकटपट्टी अजून तशीच होती, नंबर माझ्याच अक्षरात. काकांनी गेज बाहेर काढला, पुसला, कोरलेला नंबर रजिस्टरशी ताडून पाहिला, सर्टिफिकेट फाईलला लावलं आणि मग सही केली. १५ मेच्या दुपारी साडेचार वाजले होते. जे काही आपल्या नावावर चढलेलं आहे त्याची यादी शेवटच्या आठवड्यात न मागता मंजुरीचा मेल आला त्याच आठवड्यात मागायला हवी होती. आता निघणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिल्यांदा सांगते.

मेडिक्लेमची ओळ मी मार्चमध्ये वाचून सोडून दिली होती. आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया २० मेला ठरत होती, आणि १७ ला माझा, म्हणजे तिचाही, विमा संपत होता. नव्या कंपनीत आई-वडिलांचं नाव चढायला महिना लागणार होता. डॉक्टरांशी बोलून ती ६ मेला करून घेतली. माझ्या लक्षात एप्रिलमध्ये आलं म्हणून जमलं.

१७ मेला संध्याकाळी लॅपटॉप आणि ओळखपत्र जमा केलं. सरांनी शेवटच्या शीटला उत्तर दिलं, ‘हँडओव्हर कम्प्लीट’. ते मी माझ्या वैयक्तिक मेलवर प्रतीत घेतलं होतं. मंजुरीचे दोन्ही मेल, पगाराच्या चिठ्ठ्या आणि रजेच्या शिल्लकीचं पानही आधीच उतरवून ठेवलं होतं. सातच्या सुमारास माझं लॉगिन बंद झालं. त्यानंतर त्यातलं काहीही मला दिसलं नसतं.

देण्यांचं सांगते. मेलमध्ये ग्रॅच्युइटी फुल अँड फायनलमध्ये टाकून ४५ कामकाजाचे दिवस लिहिले होते. पण ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते, ते कायद्यातच आहे. कंपनीच्या अंतर्गत मुदतीने ती लांबत नाही. उशीर झाला तर व्याज लागतं. बाबांनी सांगितल्याप्रमाणे मी शेवटच्या आठवड्यातच ठरलेल्या नमुन्यातला अर्ज, फॉर्म आय, भरून एचआरला दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. १३ जूनला ग्रॅच्युइटी खात्यात आली, सात वर्षांची, १,४५,३८५.

बाकीचा हिशोब जूनच्या शेवटी कागदावर आला. मेच्या १७ दिवसांचा पगार ४२,७७४. शिल्लक २६ पीएल रजांचे, बेसिकवर, ३१,२००. प्रवासाची दोन बिलं, २,३४०. हे सगळं बरोबर होतं. वजावटीच्या बाजूला पीएफ आणि प्रोफेशन टॅक्सच्या खाली नोटीस वसुली होती: ३६,४००. १४ दिवस बरोबर, दर २,६००. अकाउंट्सकडे सुधारित मेल गेलाच नव्हता. दिवस पोर्टलवरून आले आणि दर जुन्या मेलमधून. मी १९ मार्चचा मेल, त्यातल्या ‘ऐवजी ग्राह्य धरावा’ या वाक्यासकट, पुढे पाठवला. फक्त एक ओळ लिहिली: दर १,२०० प्रमाणे रक्कम १६,८०० होते, फरक १९,६००. तीन दिवसांत नवा कागद आला आणि ४ जुलैला पैसे. त्या एका वाक्याशिवाय मला सगळा वाद पुन्हा पहिल्यापासून घालावा लागला असता, आणि तेव्हा मी आत नव्हते.

एक रक्कम मात्र गेली. मागच्या वर्षाचा परफॉर्मन्स बोनस आमच्याकडे जुलैत मिळायचा. मंजुरीच्या मेलमध्ये त्याबद्दल एक शब्द नव्हता, म्हणून मला वाटलं तो मिळेल. पण बोनसच्या पत्रात अट होती की वाटपाच्या दिवशी माणूस नोकरीत असला पाहिजे. वर्ष मी पूर्ण काम केलं होतं तरी हक्क सांगता येईल असं त्या पत्रात काही नव्हतं. मेलमध्ये जे लिहिलेलं नसतं तेही विचारून घ्यावं लागतं. मार्चमध्ये विचारलं असतं तर निदान नव्या कंपनीशी पगार ठरवताना ते मांडता आलं असतं.

रिलीव्हिंग लेटरवर १७ मे होती. पीएफच्या पोर्टलवर सोडल्याची तारीख जुलैच्या सुरुवातीला चढली, तीही १७ मे. ती चुकीची चढली किंवा चढलीच नाही तर जुना पीएफ नव्या खात्यात नेताना अडतो, म्हणून मी ती दर आठवड्याला बघत होते. कंपनीने नाही टाकली तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी आपल्यालाही ती टाकता येते.

मी निघाले तेव्हा जुने कायदे होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि वेतन संहितेच्या १७ व्या कलमात राजीनामा देणाऱ्यालाही थकलेलं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं म्हटलं आहे. जानेवारीत माझ्या जुन्या लाइनवरच्या मैत्रिणीने राजीनामा दिला. तिला आलेला मंजुरीचा मेल तिने मला पाठवला. नमुना तोच, ४५ कामकाजाचे दिवस तसेच, नोटीसही पुन्हा मंजुरीच्या तारखेपासून मोजलेली. आम्ही दोघींनी रविवारी बसून तिचं अपॉइंटमेंट लेटर, पगारवाढीची पत्रं आणि तिची लागल्याची तारीख समोर ठेवली आणि उत्तर लिहिलं. तिच्या सेवेला पाच वर्षं आणि तीन महिने होतात, त्यामुळे तारीख पुढे ढकलून तिचा काही फायदा नव्हता. वेतनाच्या मुदतीबद्दल मात्र तिने कलमाचा आकडा घालून विचारलं आहे. दिवस मोजण्याची चूक त्यांनी दुसऱ्या दिवशीच सुधारली. मुदतीबद्दलचं उत्तर यायचं आहे.